महिन्याला स्नायू किती वाढतात? काटा आणि टेप लावून पडताळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवशिक्याला महिन्याला किती स्नायूवाढ अपेक्षित धरता येते?

जिमच्या जगात दोन अंदाज सगळ्यात जास्त फिरतात. व्यायाम आणि आहारावर लिहिणारे लायल मॅकडोनाल्ड यांच्या हिशोबाने नीट व्यायाम आणि नीट आहार असलेल्या पुरुषाला पहिल्या वर्षात साधारण १० किलो स्नायू मिळू शकतात, म्हणजे महिन्याला किलोच्या जरा आत. याच विषयावर लिहिणारे ॲलन ॲरागॉन वजनाच्या टक्केवारीत बोलतात: नवशिक्याला महिन्याला शरीराच्या वजनाच्या १ ते १.५ टक्के. ७० किलोच्या माणसाला हे ७०० ग्रॅम ते १ किलो पडतं.

दोन्ही अंदाज वरच्या टोकाचे आहेत, हे आधीच लक्षात घ्या. ते अशा माणसाचे आहेत ज्याची झोप, जेवण आणि प्रोग्राम वर्षभर जागच्या जागी आहे, ज्याचं वय कमी आहे आणि जो सुरुवातीला बारीक होता. नोकरी सांभाळून आठवड्यातून तीनदा जिमला जाणाऱ्याने पहिल्या सहा महिन्यांसाठी महिन्याला अर्धा किलो धरावा. जास्त निघालं तर चांगलंच.

आणि जे तीन-चार वर्षं वजन उचलतायत त्यांना?

वेग दरवर्षी साधारण निम्म्यावर येतो. मॅकडोनाल्ड यांच्या हिशोबात दुसऱ्या वर्षी महिन्याला अर्ध्या किलोच्या आसपास, तिसऱ्या वर्षी पाव किलो आणि चौथ्या वर्षापासून पुढे अख्ख्या वर्षात एक-दीड किलो. ॲरागॉन अनुभवी लोकांना महिन्याला ०.२५ ते ०.५ टक्के देतात. ८० किलोच्या माणसाला २०० ते ४०० ग्रॅम. म्हणजे पाच वर्षं मुरलेल्या माणसाला २०० ग्रॅम मिळाले तरी महिना चांगला गेला म्हणायचं.

इथे ‘वर्षं’ म्हणजे नेमाने केलेल्या व्यायामाची. सात वर्षांपूर्वी जिमचं कार्ड काढलं आणि मधली चार वर्षं गेलाच नाहीत, तर स्वतःला अनुभवी धरू नका. बेंच आणि स्क्वॉटची वजनं अजून जवळपास दर आठवड्याला वाढत असतील तर हिशोबापुरते तुम्ही नवशिकेच.

हे आकडे प्रत्येकाला लागू पडतात का?

नाही, आणि फरक बराच मोठा असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८५ स्त्री-पुरुषांनी बारा आठवडे फक्त एका हाताचा व्यायाम केला. प्रोग्राम सगळ्यांना एकच. बायसेप्सचं आकारमान कुणाचं जागचं हललं नाही, उलट किंचित घटलं, तर कुणाचं ५९ टक्क्यांनी वाढलं. सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास होती, पण सरासरीत बसणारा माणूस तुम्हीच असाल असं नाही.

पुरुषांवरच्या बऱ्याच प्रयोगांचा २०२० मध्ये एकत्रित हिशोब मांडला गेला, तेव्हा चरबीविरहित वजनातली सरासरी वाढ एका प्रयोगामागे सुमारे दीड किलो निघाली. हे प्रयोग बहुतेक काही आठवड्यांचे असतात. ‘महिन्याला किलो’ हा आकडा म्हणूनच कमाल मर्यादा म्हणून वापरावा. माझ्याकडे कुणी महिन्याला दोन किलो स्नायू वाढल्याचं सांगत आलं, तर मी आधी टेप कुठे लावली ते विचारतो.

पहिल्याच महिन्यात काटा दोन किलो वर गेला. हे स्नायूच ना?

बहुतांश नाही. व्यायाम सुरू झाला की स्नायू जास्त ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवू लागतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बसतं. १५० ग्रॅम ग्लायकोजेन वाढलं तर काटा ६०० ग्रॅमने वर जातो. क्रिएटिनची पावडर सुरू केली असेल तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्याचं पाणी वेगळं, बऱ्याचदा किलोभर. खाणं वाढवलंय म्हणजे आतड्यात कोणत्याही क्षणी जास्त अन्न आहे, तेही काट्यावर चढतं. शिवाय नव्या व्यायामाने स्नायूंना सूज येते. पहिल्या तीन-चार आठवड्यांत स्नायूचा आकार वाढलेला दिसतो त्यात या सुजेचा वाटा मोठा असतो.

पाणी वाईट नाही, फक्त ते एकदाच चढतं. म्हणून पहिले दोन आठवडे हिशोबातून वगळायचे आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीचं वजन पाया धरायचं. खरी स्नायूवाढ या काळातही सुरू असते, पण काट्यावर तिला पाण्यापासून वेगळं काढता येत नाही.

वजन रोज करावं की आठवड्यातून एकदा?

रोज करा, पण एकट्या दिवसाच्या आकड्याकडे बघू नका. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी, त्याच काट्यावर. सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची तुलना सरासरीशी करा. आदल्या रात्री खारट किंवा भरपेट खाल्लं असेल तर सकाळी किलोभराचा फरक सहज पडतो. महिन्याला २०० ग्रॅम शोधणाऱ्याला हा फरक पाच महिन्यांच्या कमाईएवढा आहे. मासिक पाळी येणाऱ्यांनी पाळीच्या त्याच टप्प्यातल्या आठवड्यांची तुलना करावी. पाळीआधी साठणारं पाणी एरवी सगळा हिशोब बिघडवतं.

टेप कुठे आणि कशी लावायची?

दंडासाठी खांद्याचं वरचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधोमध पेनाने खूण करा. हात सैल सोडलेला, स्नायू न आवळता. टेप त्वचेला टेकली पाहिजे, पण त्वचा दबता कामा नये, आणि ती हाताला आडवी, तिरकी न होता बसली पाहिजे. तीनदा मोजा, मधला आकडा लिहा. मांडीसाठी गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून ठरावीक अंतर मोजून तिथे खूण करा आणि ते अंतर वहीत लिहून ठेवा. कंबर बेंबीच्या पातळीला, श्वास सहज सोडल्यावर. पोट आत ओढून घेतलेला आकडा कुणाच्याच कामाचा नाही.

वेळ सकाळची, आणि त्या भागाचा व्यायाम होऊन निदान दोन दिवस झालेले असावेत. जिममधून निघताना पम्प चढलेल्या, म्हणजे व्यायामाने तात्पुरत्या फुगलेल्या, दंडाला टेप लावली तर एक-दोन सेंटिमीटर फुकटात मिळतात आणि तासा-दोन तासांत परत जातात. बाकी सगळं काटेकोर केलं तरी त्याच माणसाच्या हातून तीन ते पाच मिलिमीटरची चूक राहतेच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दंडाचा घेर एक सेंटिमीटर वाढला म्हणजे स्नायू किती वाढले?

हा खरा हिशोबाचा प्रश्न. घेरावरून दंडाच्या छेदाचं क्षेत्रफळ काढता येतं: घेराला घेराने गुणायचं आणि १२.५७ ने भागायचं. ३३ सेंटिमीटरच्या दंडाचं क्षेत्रफळ ८६.७ चौरस सेंटिमीटर येतं, ३४ चं ९२. फरक सव्वापाच चौरस सेंटिमीटरच्या आसपास. दंडाचे स्नायू दोन्ही टोकांना निमुळते होतात, त्यामुळे ही पूर्ण वाढ सतरा-अठरा सेंटिमीटर लांबीलाच मिळते असं धरा. एका दंडात साधारण १०० ग्रॅम, दोन्हीत २००. इतकंच.

पण नवशिक्याच्या एका दंडातले सगळे स्नायू मिळून सहा-सातशे ग्रॅमच असतात. त्यात १०० ग्रॅमची भर म्हणजे पंधरा टक्के. म्हणून निव्वळ स्नायूंचा एक सेंटिमीटर ही मोठी गोष्ट आहे आणि ती एकट्या दंडात घडत नाही. पाय, पाठ, छाती यांचाही व्यायाम चालू असेल तर दंडाच्या या एका सेंटिमीटरमागे अंगावर एकूण दीड ते अडीच किलो वजन येतं. जुने लोक जिममध्ये सांगायचे की दंडाला एक इंच हवा असेल तर अंगावर पाच-सात किलो चढवावे लागतात. तो ठोकताळाही साधारण याच्या जवळपास येतो.

आता उलट बघा. ‘महिन्यात दंड दोन सेंटिमीटरने वाढवा’ म्हणणारा तुम्हाला एका महिन्यात तीन-पाच किलोंचा वायदा करतोय. तेवढे स्नायू येणं शक्य नाही. दोन सेंटिमीटर खरंच दिसले तर त्यात पम्प आहे, पाणी आहे, चरबी आहे किंवा टेप घसरलीय.

घेरातली चरबी वेगळी कशी काढायची?

कॅलिपर, म्हणजे घडीची जाडी मोजायचा चिमटा, घ्या आणि दंडाच्या मागच्या बाजूला, घेर जिथे मोजता त्याच उंचीवर, त्वचेची उभी घडी चिमटीत धरून तिची जाडी मोजा. ती जाडी सेंटिमीटरमध्ये लिहून ३.१४ ने गुणा आणि घेरातून वजा करा. उरतो तो स्नायू आणि हाडाचा घेर. पोषणतज्ज्ञ ही पद्धत अनेक दशकं वापरतायत. ती अचूक नाही, कारण दंडाभोवती चरबी सगळीकडे सारखी नसते, पण स्वतःचीच स्वतःशी तुलना करायला पुरते.

यातून एक आकडा पाठच करण्यासारखा मिळतो: घडी फक्त १ मिलिमीटरने जाड झाली तरी दंडाचा घेर ३ मिलिमीटरने वाढतो. बल्किंग करणाऱ्यांच्या, म्हणजे मुद्दाम जास्त खाऊन वजन चढवणाऱ्यांच्या, दंडावरची बरीचशी वाढ याच वाटेने येते, आणि आरशात ती ‘भरलेली’ दिसते.

कॅलिपर नसेल तर कंबरेवर नजर ठेवा. कंबरेचा एक सेंटिमीटर म्हणजे ढोबळमानाने किलोभर चरबी. शरीराच्या ठेवणीनुसार कमी-जास्त, पण दिशा क्वचितच चुकते.

नवशिक्याचं एक पूर्ण उदाहरण मिळेल का?

एक काल्पनिक माणूस घेऊ. वजन ६८ किलो, आठवड्यातून तीन दिवस पूर्ण शरीराचा व्यायाम, क्रिएटिनही सुरू केलंय. बारा आठवड्यांनी त्याची सरासरी ७१.९ किलो झाली. तो म्हणतो, तीन महिन्यांत जवळजवळ चार किलो स्नायू.

त्याची वही उघडली की दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीलाच सरासरी ६९.२ दिसते आणि कंबर तेव्हा जागची हललेली नाही. ते १.२ किलो पाणी आणि पोटातलं अन्न. उरले २.७ किलो, दहा आठवड्यांत. कंबर ८० वरून ८१.३ झाली, म्हणजे चरबीचे साधारण १.३ किलो. बाकी १.४. महिन्याला अर्ध्या किलोपेक्षा थोडं जास्त. चांगला आकडा आहे, पण त्याच्या डोक्यातल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी.

टेपचं काय म्हणणं? दंड २९.५ वरून ३१, दीड सेंटिमीटर. घडी ९ मिलिमीटरवरून १०. चरबी वजा केल्यावर घेर २६.७ वरून २७.९ येतो. क्षेत्रफळ काढून हाडाचे साधारण दहा चौरस सेंटिमीटर सोडले तर दंडाचा स्नायू सुमारे ११ टक्क्यांनी वाढलेला दिसतो. त्याच्या अंगावर एकूण स्नायू २७ किलोच्या आसपास धरले तर ११ टक्के म्हणजे ३ किलो. पण नवशिक्यात दंड इतर भागांच्या पुढे धावतो. पोटरी, हाताचा पुढचा भाग, धडाचे खोलवरचे स्नायू इतके वाढत नाहीत, आणि दंडातल्या वाढीतही थोडं पाणी आहेच. तेव्हा ३ किलो ही कमाल मर्यादा झाली आणि १.४ तिच्या आत आरामात बसतं. काटा आणि टेप एकमेकांना खोटं पाडत नाहीत, एवढंच या पडताळणीतून हवं असतं.

अनुभवी माणसाला हीच पद्धत चालते का?

पद्धत चालते, महिना चालत नाही. समजा ८२ किलोचा, सहा वर्षं नेमाने व्यायाम करणारा माणूस आहे. त्याच्याकडे ३८ किलोच्या आसपास स्नायू असतील. चार महिन्यांत त्याला ८०० ग्रॅम मिळाले, जे त्याच्यासाठी चांगलंच आहे, तर ते दोन टक्के होतात. क्षेत्रफळ दोन टक्क्यांनी वाढलं की घेर फक्त एक टक्क्याने वाढतो. चरबी सोडून ३६ सेंटिमीटरचा त्याचा दंड चार महिन्यांत साडेतीन मिलिमीटरने वाढेल. महिन्याला मिलिमीटरही नाही. टेपची स्वतःची चूकच तीन ते पाच मिलिमीटरची आहे, त्यामुळे दर महिन्याला दंड मोजून तो जे लिहितो ते बहुतांश चुकीचंच मोजमाप असतं.

आता समजा त्याने याच चार महिन्यांत बल्किंग केलं आणि ५ किलो चढवले. कंबर ८४ वरून ८८. दंड ३९ वरून ३९.६. सहा मिलिमीटरने तो खूश होतो, पण घडी १ मिलिमीटरने जाड झालीय, म्हणजे त्यातले तीन चरबीचे. उरलेले तीन आपल्या हिशोबाशी जुळतात: पाच किलोंपैकी स्नायू पाऊण किलोच्या आसपास आणि बाकी मुख्यतः चरबी. ती उतरवायला त्याला पुढचे दोन-तीन महिने द्यावे लागतील, आणि त्या काळात स्नायू वाढण्याची शक्यता कमीच. अनुभवी माणसाने महिन्याला सव्वा किलोच्या वेगाने वजन चढवण्यात मला काहीही फायदा दिसत नाही. आठवड्याला पाव टक्का, त्याच्यासाठी २०० ग्रॅम, ही वरची हद्द. नवशिक्याला अर्ध्या टक्क्यापर्यंत मोकळीक आहे.

टेपपेक्षा त्याच्या कामाची खूण व्यायामाच्या वहीत मिळते. तेच वजन, तोच फॉर्म, तीच विश्रांती ठेवून ८ ते १२ रेप्सच्या, म्हणजे सलग तेवढ्या वेळा उचलण्याच्या, सेटमध्ये सहा महिन्यांत दोन-तीन रेप्स वाढल्या असतील आणि कंबर स्थिर असेल तर स्नायू वाढतायत असं समजायला हरकत नाही. एका रेपचं कमाल वजन यासाठी वापरू नका, ते तंत्राच्या सरावानेही वाढतं.

स्त्रियांसाठी आकडे काय?

किलोत मोजलं तर साधारण निम्मे, कारण सुरुवातीचे स्नायूच कमी असतात. टक्केवारीत मात्र फरक फार थोडा. वर सांगितलेल्या ५८५ जणांच्या अभ्यासात पुरुषांची सरासरी वाढ वीस टक्के आणि स्त्रियांची अठरा टक्क्यांजवळ होती. म्हणून टेपवर निम्म्याची अपेक्षा ठेवू नका, काट्यावर ठेवा.

जिममधला बॉडी फॅट दाखवणारा काटा ‘मसल मास’ही सांगतो. तो धरायचा का?

मी धरत नाही. तो अंगातून बारीक विद्युतप्रवाह सोडून पाण्याचा अंदाज घेतो आणि त्यावरून बाकीचं गणित करतो. पाणी जास्त प्यायलात, आदल्या दिवशी घाम गाळलात, क्रिएटिन सुरू केलंत की ‘मसल’ बदलतं. क्ष-किरणांनी होणारा डेक्सा स्कॅन याहून बराच बरा, पण तोही चरबी आणि हाड सोडून जे उरतं ते सगळं एकत्र मोजतो, पाणीही त्यातच. दोन स्कॅनमध्ये तीन-चार महिन्यांपेक्षा कमी अंतर असेल तर पैसे वाया.

वजन जागच्या जागी, पण दंड वाढला. हे होऊ शकतं?

हो. नवशिक्यांत, अंगावर बरीच चरबी असलेल्यांत आणि मोठ्या खंडानंतर परत आलेल्यांत. कंबर दोन सेंटिमीटर उतरलीय, दंड अर्धा सेंटिमीटर वर आहे आणि काटा तोच, तर चरबी गेली आणि स्नायू आले. परत आलेल्यांचा वेग तर नवशिक्यांनाही लाजवतो, कारण गेलेले स्नायू पहिल्यांदा कमावण्यापेक्षा लवकर परत येतात. त्यांनी आपला पहिल्या तीन महिन्यांचा वेग पुढे वर्षभर ताणून धरू नये. जुनी पातळी गाठली की तो संपतो.

तीन महिने झाले, आकडे अपेक्षेप्रमाणे नाहीत. काय बदलायचं?

कोणता आकडा हलला नाही त्यावर ठरतं. काट्याची सरासरी आणि कंबर दोन्ही स्थिर, रेप्सही स्थिर: खाणं कमी पडतंय, रोजच्या आहारात दोन-अडीचशे कॅलरींची भर घाला आणि तीन आठवडे सरासरी बघा. काटा आणि कंबर दोन्ही वर, पण चरबी वजा केलेला घेर तिथेच: खाणं पुरेसं आहे, व्यायाम कमी पडतोय. स्नायूमागे आठवड्याला दहाच्या आसपास सेट होतात का आणि सेटच्या शेवटी खरंच एक-दोन रेप्सच शिल्लक राहतात का, ते तपासा. बहुतेकांच्या पाच-सहा शिल्लक असतात.

प्रथिनं शरीराच्या किलोमागे दीड ग्रॅमच्या खाली असतील तर तीही वाढवा, १.६ पर्यंत नेलीत की पुरे. आणि एका वेळी एकच बदल करा, त्याला निदान सहा आठवडे द्या. अनुभवी असाल तर बारा.